न उच्चारलेल्या ओळी : एक प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम आणि त्याच्या नावाने ओळखलं जाणारं गाव. विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात इथे प्रवचनं, कीर्तनं, व्याख्यानं होतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीची ती प्रसिद्ध महापंगत बसते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढप चालतं. अशा कार्यक्रमाचं सलग रेकॉर्डिंग कधी ऐकलं असेल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. त्यात बोलणं असतं त्याहून न बोलणं फारसं कमी नसतं. वक्ता यायच्या आधीचा माइक, पखवाज लावून घेणं, ध्यानाची दोन मिनिटं, पंगत बसतानाचा कल्लोळ. कानाला यात काही अडचण वाटत नाही. आवाजाचा मजकूर करणाऱ्या यंत्राला मात्र नेमकी इथेच अडचण येते, आणि अडखळून गप्प बसण्याऐवजी ते लिहीत सुटतं.

या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. ज्यांना जुनी प्रवचनं, मुलाखती, ग्रामसभा, मौखिक इतिहास यांचं ट्रान्सक्रिप्शन करायचं आहे, त्यांनी प्रोग्रामिंग शिकलेलंच असावं अशी अट नाही. पण यंत्र शांततेत वाक्यं का रचतं, एवढं आधी समजून घ्यायला हवं. चुकीचा ऐकलेला शब्द वाचताना खटकतो. कोणीच न उच्चारलेलं, पण व्याकरणशुद्ध, सौम्य वाक्य खटकत नाही. ते तसंच पुढे जातं आणि हयात नसलेल्या वक्त्याच्या नावावर कायमचं लागतं.

उदाहरणासाठी मी व्हिस्पर हे मॉडेल घेतो. ओपनएआयने ते सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलं. कोणालाही आपल्या संगणकावर चालवता येतं, म्हणून ते सर्वत्र पसरलं, आणि त्याचा हा दोष सर्वांत जास्त अभ्यासला गेला आहे.

त्याची रीत अशी. आवाज तीस-तीस सेकंदांच्या खिडक्यांत तोडला जातो. प्रत्येक खिडकीचा एक आलेख होतो: कोणत्या क्षणी कोणत्या पट्टीत किती ऊर्जा होती याचा. मॉडेलचा पहिला भाग, एन्कोडर, हा आलेख वाचतो. दुसरा भाग, डीकोडर, त्याकडे पाहत मजकुराचा एकेक तुकडा लिहितो, आणि पुढचा तुकडा ठरवताना आपण आधी काय लिहिलं हेही पाहतो. म्हणजे डीकोडर ऐकणाराही आहे आणि भाषा जाणणारा लेखकही. आवाज स्पष्ट असतो तेव्हा ऐकण्याचा अंकुश राहतो. आवाजात काहीच नसतं तेव्हा भाषेची सवय एकटी उरते, आणि सवयीला पुढचा शब्द नेहमीच ठाऊक असतो.

ही सवय आली कुठून? पहिल्या व्हिस्परला 6,80,000 तासांचा आवाज आणि त्यासोबतचा मजकूर शिकवला होता. तो आंतरजालावरून गोळा केलेला, बहुतांशी व्हिडिओंच्या उपशीर्षकांसारखा. अशा व्हिडिओच्या शेवटी काय असतं ते आठवा. बोलणं संपतं, संगीत वाजतं किंवा सारं शांत होतं, आणि पडद्यावर मात्र ओळी येत राहतात: पाहिल्याबद्दल धन्यवाद, चॅनल सबस्क्राइब करा, उपशीर्षकं अमुक संस्थेची. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक जशा ठरावीक ओळी लिहायचा, शक, तिथी, आपलं नाव, वाचकाला विनंती, तशाच या ओळी. मूळ ग्रंथात त्या नसतात, पण ग्रंथ संपला की त्या येतात. मॉडेलने हजारो पोथ्या पाहून हेच शिकून घेतलं की बोलणं थांबलं म्हणजे पुष्पिका लिहायची. म्हणूनच इंग्रजीत रिकाम्या आवाजावर ते आभार मानतं, आणि जर्मन शांततेत झेडडीएफ या दूरचित्रवाणीच्या किंवा अमारा या उपशीर्षक-मंचाच्या श्रेयओळी उमटतात. मॉडेल या ओळी नव्याने कल्पत नाही, त्या त्याच्या स्मरणात आहेत. चुकीच्या ठिकाणी आठवलेल्या आहेत, इतकंच.

इथे कोणी विचारेल की त्याला शांतता शिकवलीच नव्हती का? शिकवली होती. बोलणं नसलेले तुकडेही प्रशिक्षणात होते, पण त्यांचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलं होतं. अशा तुकड्यासाठी मॉडेलकडे `<|nospeech|>` अशी स्वतंत्र खूणही आहे. म्हणजे गप्प बसण्याची सोय आहे. ती अपुरी का पडते, हे पाहण्यासाठी एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, नियम मात्र खऱ्या प्रोग्राममधले आहेत.

समजा, प्रवचनाची एक ध्वनिफीत आहे. चौथ्या मिनिटाला वक्ता म्हणतो, आता दोन मिनिटं डोळे मिटून बसू या. मग शांतता. पंख्याची घरघर, एक खोकला, दूर कुठे ट्रॅक्टर. या दोन मिनिटांत चार खिडक्या बसतात. पहिल्या खिडकीत मॉडेल दोन गोष्टी मोजतं. एक, इथे बोलणं नसण्याची शक्यता, `no_speech_prob`. ती आली 0.85. दुसरी, आपण लिहिलेल्या मजकुराबद्दलचा सरासरी आत्मविश्वास, `avg_logprob`. मॉडेलने लिहिलं ‘धन्यवाद’, आणि त्याचा आत्मविश्वास आला -0.35. आता निर्णय कसा होतो ते पाहा:

```python
should_skip = result.no_speech_prob > no_speech_threshold
if result.avg_logprob > logprob_threshold:
    should_skip = False
```

पहिली मर्यादा मुळात 0.6 ठेवलेली आहे. आपला आकडा 0.85, म्हणजे ही खिडकी सोडून द्यावी असा पहिल्या ओळीचा कौल. दुसरी मर्यादा -1.0 आहे. हे आकडे लॉगरिदमचे आहेत, -1.0 म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे साधारण 37 टक्के खात्री, -0.35 म्हणजे साधारण 70 टक्के. आपली खात्री मर्यादेहून जास्त, म्हणून दुसरी अट पहिला कौल फिरवते आणि ‘धन्यवाद’ कागदावर येतं. मॉडेलला बोलणं नसल्याचा दाट संशय होता, तरीही!

हा नियम मूर्खपणाने लिहिलेला नाही. हळू बोलणाऱ्याचा, लांबून आलेला खरा आवाज हातचा जाऊ नये म्हणून ती दुसरी अट आहे. पण ती धरून चालते की रचलेल्या वाक्याबद्दल मॉडेल साशंक असेल. पाठ झालेल्या वाक्याबद्दल कोणी साशंक असतं का? हजारदा पाहिलेली ओळ मॉडेल अगदी ठामपणे लिहितं. ज्या ओळी बनावट असण्याचा संभव सर्वांत जास्त, त्याच या चाळणीतून सर्वांत सहज सुटतात. मला विचाराल तर या सगळ्या विषयाची गाठ इथे आहे: लिहिणाऱ्यालाच लिहिण्यासारखं काही आहे का, हे ठरवायला बसवलं आहे.

पुढची खिडकी आणखी वाईट असते. मुळात `condition_on_previous_text` ही सोय चालू असते, म्हणजे मागचा मजकूर पुढच्या खिडकीला संदर्भ म्हणून दिला जातो. सलग बोलण्यात ते उपयोगी, नावं आणि शैली एकसारखी राहते. शांततेत मात्र मागच्या खिडकीतलं बनावट ‘धन्यवाद’ आता पुरावा होऊन बसतं, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खिडकीत तेच वाक्य परत येण्याचा संभव वाढतो. शिवाय पुढची खिडकी कुठून सुरू करायची, हे मॉडेलने स्वतः लिहिलेल्या वेळेच्या खुणेवरून ठरतं. बनावट ओळीची खूण ध्यान संपल्याच्या पुढे पडली, तर वक्त्याचं पहिलं खरं वाक्य गळून जातं. हे नुकसान माझ्या मते जास्त गंभीर आहे, कारण वाचणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

मराठीचा प्रश्न याहून थोडा वेगळा आहे. व्हिस्परच्या 2022 च्या शोधनिबंधात भाषावार तास दिले आहेत. मराठी आवाजाला मराठी मजकूर अशी जोडी त्यात एका तासाहूनही कमी होती, हिंदीची बारा तासांची. मराठी आवाज आणि त्याचं इंग्रजी भाषांतर असं साहित्य त्या मानाने पुष्कळ जास्त होतं. नंतरच्या आवृत्त्यांत भर पडली आहे, पण मूळ असमतोल लक्षात ठेवावा. त्यातून एक साधी, पण पूर्ण फाइल बिघडवणारी गोष्ट होते. भाषा सांगितली नाही, तर प्रोग्राम ती पहिल्या तीस सेकंदांवरून ओळखतो. पहिले तीस सेकंद म्हणजे आपल्याकडे माइकवर टिचक्या, ‘हॅलो हॅलो’ आणि खुर्च्यांची सरकासरक. तिथे भाषा चुकीची ठरली की पुढचा तासभर तीच. म्हणून पहिला उपाय सर्वांत स्वस्त आहे: `--language mr` हे नेहमी स्वतः लिहायचं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. पुनरावृत्तीत अडकलेला मजकूर पकडण्यासाठी व्हिस्पर एक चलाख युक्ती वापरतं. लिहिलेला मजकूर दाबून, म्हणजे झिप करतो तसा, तो किती पटीने लहान झाला हे पाहतं. एकच वाक्य वीसदा असेल तर तो खूपच लहान होतो. मर्यादा 2.4 ठेवली आहे, आणि इंग्रजीला ती ठीक बसते. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांत साठवलं जातं, आणि त्यातला पहिला नेहमी तोच, तर दुसरा दोनपैकीच एक असतो. त्यामुळे कोणतीही पुनरावृत्ती नसलेला सरळ मराठी परिच्छेदही बराच दबतो आणि मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे जाऊ शकतो. मर्यादा ओलांडली की प्रोग्राम तो मजकूर नाकारतो आणि तीच खिडकी जास्त ‘तापमानावर’, म्हणजे जास्त यादृच्छिकपणे, पुन्हा लिहायला लावतो. खऱ्या मजकुराच्या जागी भरकटलेला मजकूर यायला एवढं पुरेसं असतं. आपल्या मजकुरावर हे मोजून पाहायला तीन ओळी लागतात:

```python
import zlib
b = text.encode("utf-8")
print(len(b) / len(zlib.compress(b)))
```

तीस सेकंदांत बोलून होतील एवढे, माणसाने तपासलेले मराठी उतारे घ्यावेत, त्यांचे आकडे पाहावेत आणि `compression_ratio_threshold` त्याप्रमाणे वर न्यावं. किती वर, याचं एकच उत्तर नाही. कीर्तनाच्या रेकॉर्डिंगमध्ये तर नामाचा गजर ही खरोखरचीच पुनरावृत्ती असते. तिथे ही चाळणी खऱ्या गजरालाच दोष समजते, आणि मर्यादा कितीही हलवली तरी खरी आवर्तनं व यंत्राची पुनरावृत्ती वेगळी होत नाहीत. गजराचा भाग माणसाने ऐकून लिहावा, यंत्राला देऊ नये, हे माझं मत.

आता मुख्य उपाय. लिहिण्यासारखं काही आहे का हा निर्णय लेखकाकडून काढून घ्यायचा आणि आधीच दुसऱ्या, लहानशा मॉडेलकडे द्यायचा. त्याला बोलणं-शोधक म्हणू. व्यवहारात सगळे व्हीएडी म्हणतात. सिलेरो हे त्यातलं प्रचलित. ते शब्द ओळखत नाही, लिहीत तर नाहीच. आवाजाचे सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढे तुकडे घेऊन प्रत्येकात मानवी बोलणं असण्याची शक्यता फक्त सांगतं. त्याला पाठ झालेली वाक्यं नाहीत, म्हणून ते त्या मोहात पडू शकत नाही. फास्टर-व्हिस्पर या आवृत्तीत `vad_filter=True` लिहिलं की हे शोधक आधी चालतं, दोन सेकंदांहून मोठी शांतता काढून टाकतं आणि उरलेलं बोलणंच व्हिस्परकडे जातं. आपल्या प्रसंगातली ती दोन मिनिटं मॉडेलला दिसतच नाहीत. सोबत `condition_on_previous_text=False` ठेवावं, म्हणजे चुकून एखादी ओळ आलीच तरी ती पुढे संसर्ग करत नाही.

पण शोधकाचीही बाजू लंगडी आहे, आणि ती उलट दिशेने. ते खरं बोलणं गाळतं. वयोवृद्ध वक्त्याचा वाक्याच्या शेवटी विरत जाणारा आवाज, जुन्या कॅसेटवरची खरखर, गात म्हटलेली ओवी, पुटपुटत केलेला जप, या सगळ्यांबाबत त्याचा अंदाज डळमळतो. बनावट ओळ निदान कागदावर दिसते. गाळलेली ओळ दिसत नाही. त्यामुळे शोधकाने काढून टाकलेले तुकडे वेगळे जतन करून, त्यातले सर्वांत लांब आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे आधी ऐकावेत. दुसरी खोड अशी की, शांतता काढल्यावर तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं वाक्य एकमेकांना चिकटवून एकाच खिडकीत दिलं जाऊ शकतं. ‘डोळे मिटून बसू या’ आणि दोन मिनिटांनंतरचं ‘आता सावकाश उघडा’ ही एका दमातली वाक्यं वाटू लागतात. म्हणून लांब शांततेवर फाइल तोडावी आणि मजकुरात तिची नोंद ठेवावी, ‘[शांतता, 1 मि. 52 से.]’ अशी. पुढे अभ्यास करणाऱ्याला त्या शांततेचीही गरज असते.

शोधक वापरायचं नसेल, तर मूळ व्हिस्परमध्येही एक वाट आहे. `--word_timestamps True` सोबत `--hallucination_silence_threshold 2` दिलं की प्रोग्राम प्रत्येक शब्दाची वेळ काढतो आणि विचित्र शब्द शोधतो. ज्याची खात्री 0.15 च्या खाली आहे, जो सेकंदाच्या सातव्या भागातच उरकला किंवा जो दोन सेकंदांहून लांबला, तो संशयित. संशयित शब्दांनी भरलेल्या ओळीभोवती शांतता असेल, तर ती ओळ टाकून तो पुढे सरकतो. ही चाळणी आत्मविश्वासाखेरीज काळाचाही विचार करते, म्हणून आधीच्या नियमापेक्षा शहाणी. तरी शब्दांच्या वेळाही त्याच मॉडेलकडून येतात, हे विसरू नये.

हाताने तपासतानाही काळाचाच आधार घ्यावा. खरं बोलणारा माणूस सेकंदाला काही अक्षरं उच्चारतोच. `04:30` ते `05:00` अशी नोंद आणि तिच्यासमोर एकच शब्द दिसला की थांबून ऐकावं. मॉडेलशी संबंध नसलेली दुसरी साक्ष हवी असेल तर ही आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i pravachan.wav -af silencedetect=noise=-35dB:d=3 -f null -
```

तीन सेकंदांहून लांब, ठरवलेल्या पातळीखालच्या शांततेचे आरंभ आणि शेवट ती छापते. त्या वेळांत पडलेली प्रत्येक ओळ संशयित. हे साधन फक्त आवाजाची पातळी पाहतं, त्यामुळे पंखा मोठा असेल तर ती पातळी -30 किंवा -25 पर्यंत आणावी लागते, आणि पंगतीच्या कल्लोळात ते निरुपयोगी आहे. तिथे बोलणं नाही, पण शांतताही नाही. याच कामाची आणखी एक युक्ती: फाइलच्या सुरुवातीचे काही सेकंद कापून तीच पुन्हा चालवावी. खिडक्यांच्या सीमा सरकतात. खरी वाक्यं जागेवर राहतात, बनावट पुष्कळदा बदलतात किंवा नाहीशी होतात.

याचं गांभीर्य किती, याचा एक मोजलेला पुरावा आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या अ‍ॅलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचाघाताच्या रुग्णांची आणि इतरांची बोलणी व्हिस्परला दिली. सुमारे एक टक्का तुकड्यांत पूर्ण बनावट वाक्यं आली, आणि त्यांतली 38 टक्के घातक होती: नसलेली हिंसा, नसलेली नाती, खोटा अधिकार. वाचाघाताच्या रुग्णांत प्रमाण जास्त होतं, बहुधा ते शब्द शोधत थांबतात म्हणून. थांबून बोलणाऱ्यावर हा दोष जास्त कोसळतो. आपल्याकडच्या वयस्कर निवेदकांच्या मुलाखती घेणाऱ्यांनी हा मुद्दा स्वतःच्या कामाला लावून पाहावा.

दोष मुळातून काढण्याचे प्रयत्नही चालू आहेत. 2025 च्या Calm-Whisper या कामात संशोधकांना आढळलं की व्हिस्परच्या large-v3 या आवृत्तीच्या डीकोडरमधल्या वीस अटेन्शन-शीर्षांपैकी केवळ तीन शीर्षं बोलणं नसलेल्या आवाजावरच्या तीनचतुर्थांशाहून जास्त बनावट ओळींना कारणीभूत आहेत. तेवढीच तीन नुसत्या गोंगाटावर गप्प राहायला शिकवली, तेव्हा बनावट ओळी ऐंशी टक्क्यांहून जास्त घटल्या आणि इंग्रजी ओळखण्याची अचूकता जवळपास तशीच राहिली. मराठी आवाजावर हे पडताळून पाहणं हे एखाद्या विद्यार्थ्याला हाती घेण्याजोगं काम आहे.

वेगळ्याच घडणीची मॉडेलंही आहेत. सीटीसी या पद्धतीत प्रत्येक क्षणाला एक चिन्ह द्यावं लागतं आणि त्यांत ‘रिकामं’ हेही एक चिन्ह असतं. शांततेला रिकामं लिहिणं हा तिथे रोजचा व्यवहार आहे. आयआयटी मद्रासमधल्या एआय-फॉर-भारतच्या इंडिक-कन्फॉर्मरमध्ये मराठीसाठी ही पद्धत उपलब्ध आहे. ती गोंगाटात एखादं सुटं अक्षर उमटवेल, आभारप्रदर्शन करणार नाही. त्या बदल्यात विरामचिन्हं आणि वाक्याची सफाई कमी मिळते. जतनाच्या कामात मी दोन्ही चालवतो आणि जिथे व्हिस्परकडे वाक्य आहे व सीटीसीकडे रिकामं, तिथे कान लावतो.

शेवटी एक सावधगिरी. सतत येणाऱ्या बनावट वाक्यांची यादी करून ती आपोआप पुसून टाकावी, असा एक मार्ग संशोधनात सुचवलेला आहे, आणि मूठभर वाक्यंच मोठा वाटा उचलत असल्याने तो चालतोही. मराठीसाठी अशी यादी प्रत्येकाने स्वतःच्या फायलींतून करावी, मॉडेलची आवृत्ती सोबत लिहून, कारण आवृत्ती बदलली की वाक्यं बदलतात. पण यादीतली ओळ दिसली की सरसकट खोडू नये. आपले वक्ते खरोखर ‘धन्यवाद’ म्हणून थांबतात आणि सूत्रसंचालक तर दर दहा मिनिटांनी म्हणतात. ओळ यादीत आहे आणि तिची वेळ शोधकाने रिकामी ठरवलेल्या भागात पडते, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ती काढावी, आणि काढलेली ओळ तिच्या वेळेसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी.